टिंब द्यायचे की न्, म्, ङ् जोडायचा?

मराठी लिहायला नव्याने बसलेल्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घाची भीती असते, आणि ती रास्तच आहे. पण अनुस्वाराच्या चुका जास्त गुपचूप होतात. ‘मुम्बई’, ‘सन्घ’, ‘सन्यास’, ‘गंमतीची गोष्ट’, ‘वाड्मय’ हे शब्द भरभर वाचताना डोळ्यांना खटकतही नाहीत. हिंदी माध्यमात शिकलेल्यांना, परदेशात वाढलेल्या मुलांना आणि रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांना तर प्रत्येक नाकातल्या उच्चारापाशी थबकायला होते. खाली जो क्रम दिला आहे तो त्याच क्रमाने वापरा. पहिल्या पायरीवर उत्तर मिळाले तर पुढे जायची गरज नाही, आणि बहुतेक वेळा ते तिथेच मिळते.

पायरी पहिली: आधी टिंबच द्या

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांतला पहिलाच नियम आपल्या कामाचा आहे: स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर टिंब, द्यावे. चिंच, तंटा, आंबा, निबंध, गुलकंद, खंत, संप, दंगा, मुंबई, कंपनी, इंग्रजी. इथे विचार करायचाच नाही.

एकच टिंब इतके वेगवेगळे उच्चार कसे काय दाखवते, हा प्रश्न मात्र पडायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. टिंबाचा उच्चार पुढचे अक्षर ठरवते. ‘अंक’ म्हणताना जीभ क च्या जागी जाते आणि ङ् ऐकू येतो, ‘चिंच’मध्ये ञ्, ‘तंटा’मध्ये ण्, ‘खंत’मध्ये न्, ‘आंबा’मध्ये म्. वर्णमालेच्या तक्त्यात क, च, ट, त, प ह्या पाच ओळींच्या शेवटी जी ङ, ञ, ण, न, म ही अक्षरे येतात, त्यांतले कोणते घ्यायचे ते पुढच्या अक्षराच्या ओळीवरून आपोआप ठरते. म्हणून ती वेगळी लिहावी लागत नाहीत.

रोमन टंकलेखनातून आलेल्या चुका इथेच पकडता येतात. n दाबला की न् उमटतो, मग पुढे काही का असेना. त्यातून ‘सन्घ’, ‘पन्डित’, ‘इन्ग्रजी’, ‘आन्बा’ तयार होतात. क-ओळीच्या अक्षरापूर्वी न् येऊच शकत नाही, ट-ओळीपूर्वीही नाही. ही रूपे जुन्या वळणाची नाहीत किंवा संस्कृतही नाहीत, ती निव्वळ चूक आहेत.

मग ‘पण्डित’, ‘ग्रन्थ’, ‘अन्तर्गत’, ‘अम्बुज’ यांचे काय? ही चालतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम शब्द, हवे तर त्या त्या ओळीचे पाचवे अक्षर जोडून लिहायची सवलत नियमात आहे. ती फक्त तत्सम शब्दांना आहे. ‘तांबे’चे ‘ताम्बे’ किंवा ‘खंत’चे ‘खन्त’ करता येत नाही. माझे मत विचाराल तर नवख्याने ही सवलत विसरून जावी. तत्सम कोणता आणि रूप बदलून आलेला तद्भव कोणता हे ओळखण्यात वेळ जातो आणि एकाच पानावर ‘ग्रंथ’ व ‘ग्रन्थ’ दोन्ही येऊन बसतात.

सवलत कामी येते ती एकाच ठिकाणी, अर्थ बदलत असेल तिथे. ‘वेदांत असे सांगितले आहे’ म्हणजे चारही वेदांमध्ये. ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान. ‘देहांत’ म्हणजे अनेक देहांच्या आत, ‘देहान्त’ म्हणजे मृत्यू. ‘शालांत’ हे ‘शाला’चे अनेकवचनी सप्तमीचे रूप, तर दहावीची परीक्षा ‘शालान्त’. मराठीत अनेकवचनाला ‘-त’ प्रत्यय लावताना आधी टिंब येते, त्यामुळे ‘अन्त’ने संपणाऱ्या शब्दांशी त्याची गल्लत होते. जिथे खरोखर दोन अर्थ निघतात तिथे न् जोडा. ‘एकांत’, ‘वृत्तांत’ अशा शब्दांत गोंधळ होण्याजोगे काही नाही, तिथे टिंब पुरे.

पायरी दुसरी: पुढचे अक्षर य ते ह मधले आहे का?

ण आणि न सोडून क पासून भ पर्यंतची अक्षरे पुढे असतील तर काम झाले. पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह यांपैकी काही असेल तर थांबा, कारण ह्या अक्षरांना स्वतःचे पाचवे अक्षर नाही. त्यांच्यापूर्वी टिंबाचा उच्चार मराठीत वेगळाच होतो. ‘संवाद’ आणि ‘सिंह’ मोठ्याने म्हणा. नाकातून एक पुसट व निघतो, ‘सिंव्ह’सारखा. ‘हंस’, ‘वंश’, ‘मांस’, ‘संसार’ यांतही तोच. ‘संयम’मध्ये पुसट य, ‘संलग्न’मध्ये पुसट ल. लिहिताना मात्र नुसते टिंब द्यायचे. ‘सिंव्ह’ किंवा ‘संय्यम’ लिहायचे नाही.

आता उलट बाजू. ह्याच अक्षरांपूर्वी कधी कधी खराखुरा न् किंवा म् असतो, आणि तिथे टिंब दिले तर शब्दच बिघडतो. अन्याय, कन्या, धान्य, सामान्य, रम्य, सौम्य, नम्र, आम्ल, अन्वय, धन्वंतरी. ‘अन्याय’च्या जागी ‘अंयाय’ लिहून वाचून पाहा, न् नाहीसा होतो आणि नाकातला य उरतो. परीक्षा सोपी आहे: जिभेचे टोक दातांमागे नीट टेकले तर न्, ओठ पूर्ण मिटले तर म्. दोन्हींपैकी काही झाले नाही, आवाज नुसताच नाकात घुमला, तर टिंब.

ह पूर्वी ही परीक्षा फार उपयोगी पडते. ‘सिंह’ आणि ‘चिन्ह’ शेजारी ठेवा. दोन्हींत नाक आहे, दोन्हींत ह आहे, पण ‘चिन्ह’ म्हणताना जीभ दाताला लागते. पुन्हा, गुन्हा, उन्हाळा, तान्हा, तुम्ही, आम्ही, म्हणून हे सगळे ‘चिन्ह’च्या बाजूचे. ‘संहार’ सिंहाच्या बाजूचा.

‘सं’ने सुरू होणाऱ्या शब्दांसाठी कानाला त्रास द्यायचीही गरज नाही. हा ‘सम्’ हा उपसर्ग आहे आणि य ते ह पूर्वी त्याचे टिंब होते: संयोग, संरक्षण, संलग्न, संवेदना, संशय, संसर्ग, संहिता. ह्याला एक ठसठशीत अपवाद आहे, सम्राट आणि त्यावरून आलेला साम्राज्य. इथे सम् पुढे र असूनही म् जसाच्या तसा राहतो. पाणिनीला ह्या एका रूपासाठी स्वतंत्र सूत्र करावे लागले. ‘सम्यक’ हा शब्द ह्या साच्यातला दिसतो, पण तोही म् घेऊनच लिहितात.

पायरी तिसरी: पुढे न, ण किंवा म असेल तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

न पुढे न असेल तर टिंब नको, न्न लिहा: अन्न, प्रसन्न, भिन्न, पन्नास. तसेच ण्ण: अण्णा, विषण्ण. हे सोपे झाले.

म पुढे आला की दोन वेगळे झरे एकत्र येतात. एक ‘सम्’चा: संमेलन, संमती, संमिश्र, संमोहन. मराठीत हे टिंबाने लिहायची रूढी पक्की आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या नावातही टिंबच असते. ‘सम्मेलन’ ही हिंदीची सवय. दुसरा झरा त् किंवा द् चा. संस्कृत संधीत त् पुढे न किंवा म आला की त्याचा न् होतो. सत् + मान = सन्मान, सत् + मार्ग = सन्मार्ग, तत् + मय = तन्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ, उत् + नती = उन्नती, उत् + माद = उन्माद. हा न् मुळातल्या एका अक्षराची जागा घेऊन बसलेला असतो, टिंबाने तो दाखवता येत नाही. म्हणून पत्रिकेत ‘सन्मान’ आणि ‘संमेलन’ एकाच ओळीत आले तरी दोघांचे लेखन वेगळे, आणि दोन्ही बरोबर.

त् चा न् होतो तसा क् चा ङ् होतो आणि ट् चा ण्. षट् + मास = षण्मास. वाक् + मय = वाङ्मय. दिक् + मूढ = दिङ्मूढ. मराठीत ङ जोडून लिहावाच लागतो असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांतला ‘वाङ्मय’ सर्वांत जास्त चुकतो. ‘वांग्मय’ तर चुकीचे आहेच, पण छापील पाटीवरसुद्धा ‘वाड्मय’ दिसते, म्हणजे ङ च्या जागी बिनटिंबाचा ड. ङ च्या पोटाशी टिंब असते ते नीट पाहा. हे टिंब अनुस्वार नव्हे, अक्षराचाच भाग आहे.

‘संन्यास’ ह्याच पायरीवर येतो. सम् + न्यास. सम् चे टिंब आणि न्यासचा न्, दोन्ही हवेत. ‘सन्यास’ लिहिणारा टिंब गाळतो. ‘सान्निध्य’, ‘सन्निध’ ह्या शब्दांत मात्र सम् चा न् होऊन न्न झालेला दिसतो आणि तीच रूपे रूढ आहेत. ती तशीच पाठ करा.

म चा अजून एक प्रकार आहे. गंमत, किंमत, हिंमत, अंमल ह्यांत ऐकू येतो दुहेरी म, पण लिहिले जाते टिंब. मात्र ‘निम्मा’, ‘धम्म’ हे शब्द म्म घेतात. ह्यामागे सर्वांना लागू पडेल असे सूत्र नाही, रूढी आहे. सूत्र आहे ते पुढे: तीन अक्षरी शब्दात मधल्या म च्या आधी असलेले टिंब सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, जाते. गंमत, पण गमतीने, गमतीची. किंमत, पण किमतीला. हिंमत, पण हिमतीवर. बोलतानाही तिथे म एकदाच येतो. ‘रक्कम’चे ‘रकमेचा’ होते त्याच जातीचा हा बदल आहे. ‘किंमतीत सूट’ अशी पाटी दुकानावर दिसते ती ह्या नियमाला सोडून आहे.

पायरी चौथी: तो न पूर्ण तर नाही ना?

मराठीत लिहिलेला अ सगळीकडे बोलला जात नाही. ‘जनता’ आपण ‘जन्ता’ म्हणतो, ‘चमचा’ला ‘चम्चा’, ‘मनगट’ला ‘मन्गट’. नुसते ऐकून लिहिणाऱ्याला इथे ‘जंता’ किंवा ‘मंगट’ लिहावेसे वाटते. लहान मुलांच्या वह्यांत हे हमखास सापडते. इथे टिंबही नाही आणि जोडाक्षरही नाही, पूर्ण न किंवा म आहे.

ओळखायचे असेल तर शब्द मोडून पाहा. जन + ता, क्षम + ता, मन + कवडा. क्रियापदात मूळ धातू शोधा. ‘मानतो’ आणि ‘सांगतो’ कानाला जवळचे वाटले तरी धातू ‘मान’ आणि ‘सांग’. पहिल्यात न धातूच्या शेवटी आहे आणि ‘तो’ नंतर चिकटला आहे. दुसऱ्यात नाकातला आवाज धातूच्या पोटात, ग च्या आधी आहे. ‘मानणे’ म्हणून पाहिले की न लख्ख ऐकू येतो. ‘चमचा’, ‘मनगट’, ‘चिमटा’ असे मोडता न येणारे शब्द थोडे आहेत, ते हळू, अक्षर सुटे करून म्हणून पाहावेत.

पायरी पाचवी: बाहेरून आलेले शब्द

इंग्रजी शब्दांत क ते भ पूर्वी टिंब सुखाने चालते: इंजिन, पंप, बेंच, इंटरनेट, अकाउंट, टँकर. पण स आणि श पूर्वी मराठी लेखक न् जोडतात: पेन्शन, टेन्शन, सायन्स, लायसन्स, फ्रान्स, मान्सून, लेन्स. ही लहर नाही. दुसऱ्या पायरीत पाहिले तसे मराठी डोळा ‘पेंशन’ला ‘वंश’सारखे वाचतो, आणि त्यातला न् हरवून पुसट व येतो. हिंदीत ‘पेंशन’ लिहितात ते त्या भाषेत ठीक आहे, कारण तिथे ‘वंश’चाही उच्चार न् ने होतो. हिंदीतून मजकूर मराठीत आणणाऱ्यांनी हा एक फरक लक्षात ठेवला तर अर्ध्या दुरुस्त्या वाचतील.

‘बँक’, ‘टँकर’ ह्यांवरच्या चिन्हाने हिंदीवाल्यांची आणखी एक फसगत होते. ते हिंदीचे चंद्रबिंदू नाही. ‘बॅ’ची अर्धचंद्राकृती मात्रा आणि तिच्यात अनुस्वाराचे टिंब, असे ते दोन चिन्हांचे एकत्र रूप आहे. ‘चाँद’, ‘गाँव’ अशा लेखनाला मराठीत जागा नाही, चांद, गाव. प च्या ओळीपूर्वी मात्र ‘कॅम्प’, ‘स्टॅम्प’ अशी म् ची रूपे जास्त दिसतात. ‘कँप’ही चूक नाही, पण एका लेखात एकच ठेवा.

व्यक्तींची नावे आणि आडनावे ह्या सगळ्याला अपवाद. एखादा ‘वसन्त’ स्वतःचे नाव न् जोडून लिहीत असेल तर आपण त्याचे टिंब करू नये.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

हा मुद्दाम बिघडवलेला मजकूर घ्या:

‘मुम्बईतल्या कम्पनीतून निवृत्त झालेल्या मन्गेशरावांना वाड्मयाची आवड. पेंशनच्या पैशांतून ते ग्रन्थ घेत. गंमतीची गोष्ट म्हणजे ज्या सम्मेलनात त्यांचा संमान झाला, तिथेच त्यांनी सन्यास घ्यायचा विचार बोलून दाखवला. जंता हसली.’

‘मुम्बई’ आणि ‘कम्पनी’ तत्सम नाहीत, तेव्हा सवलत नाही: मुंबई, कंपनी. ‘मन्गेश’मध्ये ग पूर्वी न् आहे, तो कोणत्याच नियमात बसत नाही: मंगेश. ‘वाड्मय’ला ङ् हवा. ‘पेंशन’ श पूर्वी, म्हणून पेन्शन. ‘ग्रन्थ’ तत्सम आहे, चूक नाही. पण बाकी मजकुरात टिंबे आहेत, म्हणून मी ‘ग्रंथ’ करीन. ‘गंमतीची’ सामान्यरूप आहे, टिंब जाईल: गमतीची. ‘सम्मेलन’चे संमेलन, आणि लगेच पुढे ‘संमान’चे सन्मान; एक सम् चा, दुसरा सत् चा. ‘सन्यास’ला टिंब परत द्या. ‘जंता’ मोडा, जन + ता.

‘पैशांतून’वरचे टिंब मात्र तसेच राहू द्या. ते अनेकवचनी सामान्यरूपाचे आहे. मुलांनी, लोकांना, घरांपुढे यांत असते तेच. शब्दाच्या पोटातल्या टिंबांची झाडाझडती घेताना उत्साहाच्या भरात ही टिंबे पुसली जातात.

कळफलकावर

इन्स्क्रिप्ट कळफलकावर टिंब `x` वर आहे, पाय मोडायची खूण `d` वर, न `v` वर, म `c` वर, ण `Shift+c` वर. ङ `Shift+u` वर आहे हे माहीत नसल्यामुळे लोक ड वर भागवतात. ‘वाङ्मय’ असे उमटते:

```
b  e  Shift+u  d  c  /
```

उच्चारानुसारी रोमन पद्धतीत टिंबासाठी बऱ्याच ठिकाणी मोठा `M` लागतो. n टाइप करून यंत्र टिंब देईल अशी आशा धरण्यापेक्षा ही सवय लावून घेतलेली बरी.

टिंब आणि न् ही संगणकाला पूर्ण वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे ‘संघ’ शोधला तर ‘सन्घ’ सापडत नाही. ह्याचाच उलटा फायदा घ्या. लेख पूर्ण झाला की शोधाच्या चौकटीत एकेक करून ‘न्क’, ‘न्ग’, ‘न्घ’, ‘न्ड’, ‘न्प’, ‘न्ब’ टाका. जे सापडेल ते बहुधा चूकच असेल. मग ‘ंमत’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पुढे प्रत्यय आहे का ते पाहा: ‘गंमत’ला हात लावू नका, ‘गंमती’चे टिंब काढा. ‘सन्या’ शोधला की टिंब गळालेले संन्यासी हाती लागतात. शेवटी ‘ड्म’ शोधा. इंग्रजी ‘ॲडमिशन’ कुणी जोडून लिहिले असेल तर तेवढे सोडून द्या, बाकीची वाङ्मये असतील.